आशाताई, कॅलेंडरच्या मागच्या पानाबद्दल आभार

आशाताईंना सप्रेम नमस्कार,

ताई, तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलो तर तुम्ही "काय भाऊ, माझं कामच हाय ते" म्हणून पुढच्या घरी निघून जाता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. शिवाय आमच्यासारखेच मोबाईलमध्ये दवाखान्यातल्या तक्त्याचा फोटो घेऊन बसलेले आईबाप आणखीही असतील, त्यांच्याही कामी पडेल.

फोटो मीच काढला होता. तालुक्याच्या दवाखान्यात भिंतीवर बाळाच्या आहाराचा तक्ता होता. गर्दी होती, पोरगी कडेवर रडत होती, मी एका हाताने तिरपा फोटो मारला. वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाईटचा पांढरा डाग आला आणि खालची ओळ कापली गेली. घरी आल्यावर तो फोटो मोठा करकरून आम्ही वाचत होतो. पोरगी साडेसहा महिन्यांची होती. "६ ते ८ महिने, दिवसातून २-३ वेळा, अर्धी वाटी" एवढं कळलं. त्याखाली दुधाच्या रकान्यात "५०० मिली" दिसलं. झालं, आम्ही कामाला लागलो. घरातली अर्धी वाटी कण्या, आणि मायचं दूध चालू असतानाच वरून बाटलीतून गाईचं दूध.

महिनाभराने अंगणवाडीत वजन केलं तर फक्त १०० ग्रॅम वाढलेलं. माझी आई म्हणाली, दात येऊन राहिले असतील. तुम्ही मात्र कार्डावरची आडवी झालेली रेष पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आलात.

तुम्ही आधी फोटो मागितलाच नाही, हे मला अजून आठवतं. "पोरीची वाटी दाखवा बरं," म्हणालात. मग तापाच्या औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण मागितलं, १० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरून एकेक टोपण त्या वाटीत ओतत गेलात आणि आईला मोजायला लावलं. बारा टोपणांत वाटी काठोकाठ भरली. म्हणजे १२० मिली. तक्त्यातली वाटी २५० मिलीची असते, त्यातली अर्धी म्हणजे आमची पूर्ण एक. आम्ही निम्मंच देत होतो! मी दिवसभर जिनिंगच्या काट्यावर बसून कापसाच्या गाड्या मोजतो, किलोचा फरक पडला तर भांडतो, आणि घरातली वाटी मोजायचं मला सुचलं नाही. चमच्याचंही तेच निघालं. तक्त्यातला मोठा चमचा १५ मिलीचा, आमचा औषधासोबत आलेला ५ मिलीचा.

मग फोटो पाहिलात, आणि त्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलंत. तिथे काय लिहिलंय ते तुम्हाला न वाचताच माहीत होतं. दुधाच्या दोन ओळी असतात, एक आईचं दूध चालू असलेल्या बाळाची आणि दुसरी ते नसलेल्या बाळाची. ५०० चा आकडा दुसऱ्या ओळीचा. आमच्या पोरीच्या ओळीत आकडाच नव्हता, "मागेल तेव्हा" एवढंच होतं. "दुधानंच पोट भरलं त लेकरू खिचडी कायले खाईन?" असं तुम्ही आईला विचारलंत. गाईच्या दुधात लोह फार कमी, वर्षाच्या आत ते मुख्य दूध म्हणून द्यायचं नाही आणि बाटली तर नकोच, हेही सांगितलंत. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तुमच्यावरचा राग माझ्यावर निघाला, पण ते चालायचंच.

खरं काम त्यानंतरचं. तक्त्यात "३ वेळा" लिहिलेलं असतं, कधी ते नसतं. हिला वेचणीला जायचं असतं, आणि दिवसभर पोरीला सांभाळणारी आई घड्याळ पाहत नाही. तुम्ही जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलंत आणि आईला विचारलंत, सकाळपासून तुमच्या घरी काय काय होतं ते सांगा. त्यावरून वेळा बसवल्या. उठल्याबरोबर दूध, वेचणीला निघण्याआधी पुन्हा दूध. नऊची एसटी गेली की मूगडाळ घातलेल्या मऊ कण्या. दुपारी ही घरी आली की आधी पाजायचं, आणि आमची जेवणं होता होता वरण-भात किंवा खिचडी, वरून थोडं तेल. म्हशी गोठ्यात आल्या की तिसरं खाणं, कुस्करलेलं केळं किंवा उकडलेलं अंडं-बटाटा. मग रात्री मागेल तेव्हा दूध. दुधासाठी थेंबाचं चित्र, खाण्यासाठी वाटीचं. आईला वाचता येत नाही हे तुम्ही बोलून दाखवलं नाही, फक्त चित्रं काढलीत.

एकदम पूर्ण वाटीवर जायचं नाही, दर दोन-तीन दिवसांनी दोन चमचे वाढवायचे आणि पोरीने तोंड फिरवलं की थांबायचं, हेही ठरलं. घट्टपणाची खूणही सोपी दिलीत. चमचा तिरपा केला तर घास घरंगळून पडायला नको. आमच्या कण्या आधी पाण्यासारख्या वाहायच्या, म्हणजे निम्म्या वाटीतही पुष्कळसं पाणीच.

त्या पानावरची एक गोष्ट जमली नाही, तेही लिहितो. अकरा वाजताचा थेंब म्हणजे हिने सकाळी काढून ठेवलेलं दूध, वाटी-चमच्याने. चार दिवस प्रयत्न केला, जेमतेम दोन-तीन टोपणं निघायचं आणि ही रडकुंडीला यायची. तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही चिडला नाहीत. शेत किती लांब, एवढंच विचारलंत. नाल्यापलीकडेच तर आहे. मग पेन्सिलने तो थेंब खोडून तिथे झाड काढलंत. तेव्हापासून आई अकराला पोरीला घेऊन बांधावरच्या कडुलिंबाखाली जाते आणि ही वेचणी थांबवून तिला पाजते.

कापलेल्या खालच्या ओळीसाठी मला पुन्हा दवाखान्यात पाठवलंत. या वेळी समोर उभं राहून, पूर्ण चौकट येईल असा फोटो काढला. ती ओळ आजारपणाची होती. आजारात दूध-खाणं बंद करायचं नाही, थोडं थोडं जास्त वेळा द्यायचं, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक खाणं जास्त. पंधरा दिवसांत पोरीला सर्दी-ताप आला, तेव्हा आईनेच पानावर चौथी वाटी काढली. वाटी कसली, टोपलंच दिसतं ते.

पानावर मंगळवार-शुक्रवारला लोहाच्या औषधाचा ठिपका आहे, १ मिलीचा. त्याने शी काळी होते हे तुम्ही सांगून ठेवलं होतं, तरी पहिल्यांदा आईने मला जिनिंगवर फोन करून बोलावून घेतलं होतं. हे तुम्हाला आजच कळतंय.

पुढच्या वजनाला ३५० ग्रॅम वाढले. रेष वर वळलेली आईला दाखवली, तर म्हणाली, "मी म्हणतच होती, वाटी लहान हाय."

येत्या पौर्णिमेला पोरीला नऊ महिने होतात. तक्त्याची ओळ बदलेल, खाणी वाढतील, वेचणीही संपत आली आहे, म्हणजे वेळा सगळ्या नव्याने बसवाव्या लागतील. कॅलेंडरचं दुसरं पान काढून ठेवलंय. येताना पेन्सिल तेवढी आणा, तुमची ती पोरीने चावून ठेवली.

तुमचा,
काट्यावरचा भाऊ