वैशू, चातुर्मासात केस तसेच राहू दे

धरमपेठ, नागपूर
आषाढ शुद्ध पंचमी

प्रिय वैशू,

तुझं पत्र मिळालं. "पांढरे होऊ देऊ की रंगवत राहू?" असं एका वाक्यात विचारलंस, पण तू दिलेल्या माहितीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की आठ वर्षं तू दर वीस दिवसांनी काळा रंग लावून राहिलीस. म्हणजे तुझे केस आज खरे कसे आहेत, ते तुलाही ठाऊक नाही. चाळिशीला कानशिलांवर पांढरे दिसत होते, आता अठ्ठेचाळीसला ते कुठवर गेलेत? हे पाहिल्याशिवाय काहीच ठरवू नकोस. चातुर्मास लागतोच आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत घरात कार्य नाही, तेव्हा पाहायला याहून चांगला काळ नाही.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. शेवटचा रंग लावलास त्या दिवसापासून सहा आठवडे काही लावू नकोस, मेंदीसुद्धा नाही. मुळाशी दीड-पावणेदोन सेंटीमीटर खरा केस दिसेल, तेवढा पुरे. मधल्या काळात भांग नागमोडी पाड. बाहेर जाताना मुळांवर भुरभुरायची तपकिरी पावडर मिळते ती वापर, पहिल्या धुण्यात निघून जाते.

मग सकाळी दहाच्या सुमारास खिडकीपाशी बस, ट्यूबलाइट बंद कर. कपाळ, दोन्ही कानशिलं, टाळू आणि मान, प्रत्येक ठिकाणी बोटभर जागा उघडून पांढरे किती आणि काळे किती ते बघ. मानेचं फोटो काढूनच कळेल. बायकांचं बहुधा असं असतं, की पुढे अर्ध्याहून जास्त पांढरं आणि मागे बरंच काळं. कानशिलाचे केस आधी पांढरे होतात आणि भांग आपल्याला आरशात रोज दिसतो, म्हणून डोकं आहे त्याहून जास्त पिकलं आहे असं वाटतं.

त्याच बैठकीत रंगाचंही बघून घे. तोंड धुऊन, काजळ-कुंकू न लावता, गळ्याभोवती पांढरा टॉवेल गुंडाळ. आधी काळी ओढणी कपाळावरून केसांसारखी धर, मग कॉफीच्या रंगाची, मग राखाडी. ओढणीकडे बघू नकोस, डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला बघ. तू सावळी, त्यात पिवळसर झाक असलेली. अशा त्वचेला कुळकुळीत काळा रंग डोळ्यांखालची सावली गडद करतो, कारण काळ्या चौकटीत प्रत्येक खळगा उठून दिसतो. पंचविशीत हे होत नव्हतं, तेव्हा खळगेच नव्हते. स्वच्छ रुपेरी पांढरा मात्र सावळ्या रंगावर फार उठावदार दिसतो, गव्हाळ रंगापेक्षाही. तुझं गव्हाळ वहिनीसारखं नाही, तिला मीठ-मिरी केस फिकट करतील, तुला नाही. फक्त भुवया काळ्या राहायला हव्यात. आणि डोळ्यांजवळ केसांचा रंग मुळीच लावायचा नाही, भुवयांना पेन्सिलच वापर.

आता देखभालीचं. तू वीस दिवसांत रंग लावतेस म्हणजे सात-आठ मिलिमीटर मूळ उघडं पडतं. भांगाच्या दोन्ही बाजू मिळून दीड सेंटीमीटरची पांढरी पट्टी. काळ्याशेजारी ती दहाव्या-बाराव्या दिवशीच दिसायला लागते, म्हणूनच तुला सारखं वाटतं की रंग टिकत नाही. रंग टिकतो, मूळ वाढतं. शिवाय तू म्हणतेस टोकं काजळासारखी काळी आणि राठ झालीत. तू दर वेळी पूर्ण डोक्यावर रंग फासतेस, त्याचंच हे फळ. टोकांवर चाळीस-पन्नास थर चढलेत, लांबीला परत रंगाची गरजच नव्हती.

रंगवायचंच ठरलं तर काळा सोडून गडद तपकिरी घे, डब्यावर 3 किंवा 4 आकडा असलेला. लालसर किंवा बरगंडी नको. पांढऱ्या केसावर तो भडक चढतो आणि आपल्या उन्हात आणखी लाल पडतो. फक्त मुळांसाठी तीस ग्रॅम क्रीम आणि 6 टक्क्यांचं तीस मिली डेव्हलपर पुरतं, पण डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळ. कपाळाच्या कडेला व्हॅसलीन, दोन दिवस आधीपासून तेल नाही. सुरुवात कानशिलांपासून कर. तिथला पांढरा केस जाड असतो, त्याचे बाहेरचे पापुद्रे घट्ट मिटलेले असतात, म्हणून रंग आत शिरायला वेळ लागतो. "पुढे पकडतच नाही" ही तुझी तक्रार त्यातलीच. तिथे पूर्ण पस्तीस मिनिटं, मागे तीसच.

दर नव्या डब्याआधी कानामागे थेंबभर लावून अठ्ठेचाळीस तास थांब, आठ वर्षं सवय असली तरी. केसांच्या रंगातल्या पी.पी.डी. या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक होऊ शकते. खाज किंवा सूज आली तर तो रंग कायमचा बंद, आणि "काळी मेंदी"ही बंद, कारण तिच्यात बहुधा तेच रसायन घालतात. नुसती मेंदी पांढऱ्यावर नारिंगी चढते. काळसर हवं तर मेंदी धुऊन झाल्यावर वेगळी निळीच्या पाल्याची पूड लावावी लागते.

पांढरे ठेवायचे झाले तर तुझे खांद्यापर्यंतचे पस्तीस सेंटीमीटर केस पूर्ण बदलायला अडीच-तीन वर्षं लागतील. वीस सेंटीमीटरचा बॉब केलास तर दीड वर्ष. तिसरा ते सहावा महिना सर्वांत कठीण, तेव्हा काळ्या-पांढऱ्यामधली रेघ कानाच्या वर असते. ब्लीच करून लवकर उरकायला पार्लरवाली म्हणेल. आधी आठवून बघ, की आठ वर्षांत काळी मेंदीची पूड कधी वापरलीस का. काही पुडींत धातूचे क्षार असतात, त्यांना ब्लीचचं पेरॉक्साइड लागलं की केस गरम होऊन तुटतात. म्हणून कापलेल्या चार-पाच केसांवर करून बघितल्याशिवाय डोक्याला हात लावू द्यायचा नाही.

पांढऱ्याचीही देखभाल असतेच. आपल्या बोअरच्या पाण्यातलं लोह आणि मे महिन्यातलं ऊन, दोन्ही त्याला पिवळं पाडतात. आठवड्यातून एकदा जांभळा शाम्पू, दोन-तीन मिनिटंच, जास्त ठेवलास तर केस जांभळट दिसतील. शेवटचं पाणी नळाचं. गाडीवर स्कार्फ तू बांधतेसच, तो केसांवरूनही घे. मोहरीचं तेल नको, त्यानेही पिवळी झाक येते.

माझं मत विचारशील तर, तू सांगितलेल्या वर्णनावरून पुढे निम्मं आणि मागे थोडं पांढरं निघेल असं मला वाटतं. तसं निघालं तर तुझ्यासाठी मधला रस्ता आहे: अमोनिया नसलेला, वीस-पंचवीस धुण्यांत फिकट होत जाणारा तपकिरी रंग, तोही फक्त भांग आणि कानशिलांना. तो पांढरं पूर्ण झाकत नाही, तपकिरी बटांसारखं दिसतं, आणि फिकट होताना रेघ पडत नाही. पुतणीचं लग्न मार्गशीर्षात आहे ना? तोवर हेच कर. ते आटोपलं की बॉब कापून पुढचं ठरवू. पुढे पाऊण भाग पांढरं निघालं तर मात्र लग्नानंतर रंग सोडच, तेव्हा तो नुसता पांढऱ्या पट्टीशी झगडा उरतो.

सहा आठवड्यांनी चारही ठिकाणचे फोटो पाठव, खिडकीच्या उजेडातले.

तुझी,
मंदा