माझं पोट कुठे गेलं?

प्रिय सुऱ्या,

साखरपुडा होऊन तीन आठवडे झाले तरी तुला एक ओळ लिहिली नाही. त्याच्या शिव्या भेटीत घाल. तब्येत ठीक, आईचे गुडघे आहेत तसेच. पण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. तूही हसशील म्हणा, पण गॅदरिंगचा तो ब्लेझर तुला ठाऊक आहे. (बटण तू तोडलंस. मी अजूनही हेच म्हणतो.)

दुकानात जायच्या आधी कपडे फोटोवर चढवून बघू, ही अश्विनीची कल्पना. साखरपुड्याचा आमचा दोघांचा फोटो घेतला आणि कपडे बदलून दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकला. तिला वाइन रंगाचा लेहंगा, मला हस्तिदंती शेरवानी. समोर असा काही देखणा नवरदेव आला की आईने तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. आत्याचं उत्तर आलं, "हाच मुलगा पक्का करा."

रात्री मला राहवेना. मूळ फोटो आणि हा, दोन्ही एकाच आकाराचे करून एकामागोमाग भराभर उलटे-सुलटे बघितले. मागची भिंत जागची हलेना, खुर्ची हलेना, हलत होतं ते फक्त माझं पोट! आत-बाहेर, आत-बाहेर. खांदेही बोटभर रुंद झाले होते. हे अ‍ॅप अंगावर कपडा चढवत नाही रे, कपड्यासकट अंगच नव्याने काढतं. अश्विनीने साखरपुड्यात पोटाशी हात जुळवले होते, तर तिची कंबर त्याने सरळ स्वतःच्या मनाने काढली. मनगटावरचा भाजल्याचा डागही गायब. ती फोटो बघून एवढंच म्हणाली, "ही कोण?"

रंगाचा घोटाळा तर वेगळाच. हॉलमधले दिवे पिवळे होते. माझ्या खिशातला पांढरा रुमाल मूळ फोटोतच हळदीत बुडवल्यासारखा दिसतो. त्याच उजेडात काढलेली शेरवानी लोण्यासारखी मऊ, पिवळसर दिसली आणि मी तिथेच भाळलो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर, सावलीत, अंगाच्या बाजूला हात सोडून, पायापर्यंत दिसेल असा नवा फोटो काढला. शेजारी एक कोरा कागद टांगला. तो फोटोत पांढरा दिसला, तेव्हाच पुढे गेलो. तीच शेरवानी आता जवळजवळ पांढरीफटक दिसत होती. वाइनशेजारी तर मी बँडवाल्यांपैकी वाटत होतो. म्हणून गडद सोनेरीकडे वळलो, पण तेही नुसतं पाच रंगांतले तीन गाळण्यापुरतं. शेवटचा रंग कापड दुकानाच्या दारात, उजेडात नेऊनच ठरवायचा.

खरी गंमत लांबीची. अ‍ॅपला माझी उंची माहीत नाही, ते कुठलीही शेरवानी मला बरोब्बर बसवतं. मग मीच पट्टी घेतली. लॅपटॉपवर गच्चीचा फोटो असा मोठा केला की मी डोक्यापासून टाचेपर्यंत साडेसोळा सेंटीमीटर दिसेन. माझी उंची ५ फूट ६, म्हणजे ६६ इंच. म्हणजे पडद्यावरचा एक सेंटीमीटर अंगावरचे चार इंच. चित्रातली शेरवानी खांद्यापासून खालच्या काठापर्यंत सव्वानऊ सेंटीमीटर भरली, म्हणजे ३७ इंच. काठ गुडघ्याच्या जरा खाली. अंदाजच आहे, इंचभर इकडे-तिकडे होणार, पण पाच इंच नाही.

आणि भाड्याच्या दुकानात माझ्या छातीच्या मापाची जी निघाली ती ४२ इंच! काठ पार पोटरीवर. आरशात मी नव्हतो, आजोबांचा डगला होता. काठाला जरीची पट्टी, त्यामुळे भाड्याची ते कापणार नाहीत. आत दुमडली तर पट्टी गायब आणि खाली जाड वळी. बाजूच्या शिवणीत कापड दाबलेलं होतं, पोटाला ते उसवून मिळालं असतं. लांबीला इलाज नाही.

मग शिवायला टाकली. शिंपीकाकांना चित्र दाखवलं, तर ते म्हणाले, "गळा आणि लांबी घेतो यातून, बाकी तुमच्याकडून." टेप लावताना मी पोट आत ओढलं. काका टेप धरून गप्प उभे राहिले. किती वेळ? मला श्वास सोडावाच लागला. तेव्हा आकडा लिहिला.

लेहंग्याचं अजून ठरलेलं नाही. ती लग्नातल्या चपला घेतल्याशिवाय लांबी मोजू देणार नाही, आणि तिचंच बरोबर आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, छोटीला गालगुच्चा. घर बदललंस तर पत्ता कळव.

ग्रुपवर गच्चीचा फोटो टाकायचा म्हणतोय, पोटासकट. आत्याचं काय उत्तर येईल या भीतीने दोन दिवस बोट अडलंय. दोन्ही फोटो तुला पाठवतो, आधी तू बघ. आणि ब्लेझरचा विषय काढायचा नाही.

तुझाच,
अवि