मिरजेच्या काकांना, आमच्या डबा बँडकडून थँक्यू

काका, नमस्कार. तुम्ही फोनवर आभार मानू देत नाही, लगेच "बरं बरं, ठेवतो" म्हणता, म्हणून इथं सगळ्यांसमोरच लिहितेय, आता ऐकून घ्या.

चार वर्षांच्या पोरीला गिटार पाहिजे होती. ऑनलाईन बघितलं तर सगळीकडं एकच, खोक्याला भोक पाडा, रबरं अडकवा, झाली गिटार. आम्ही अर्धा किलो पेढ्याचा खोका घेतला, तसंच केलं, आणि आवाज आला फट्ट. नुसता फट्ट. पोरगी म्हणाली ही गाणं म्हणत नाही. त्याच दिवशी तुम्ही सांगलीला आमच्याकडं आलात हे आमचं नशीब, कारण सतारी तानपुऱ्यांच्या कामात आयुष्य काढलेला माणूस पेढ्याचा खोका एवढा निरखून बघेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

तुम्ही रबर बोटानं जरा वर उचललंत आणि म्हणालात, "ह्याला घोडी कुठाय? तार तबलीवर झोपली की बोलणार कशी?" मग घोडी म्हणून दोन पेन्सिली मागितल्यात आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना, खोक्याच्या कडेजवळ, रबरांच्या खाली आडव्या सरकवल्यात. मधोमध ठेवल्या तर झाकण दबून खाली बसतं आणि रबरं परत टेकतात, म्हणून कडेजवळ. आणि खोक्याच्या भिंती आत वाकू नयेत म्हणून जुन्या लाकडी फूटपट्टीचे दोन तुकडे आत उभे अडकवलेत. परत छेडलं तर टुंग! रबर मोकळं हललं, त्याची थरथर पेन्सिलीतून झाकणात गेली आणि झाकणच वाजायला लागलं, तुमच्या तानपुऱ्याची वरची लाकडी तबली वाजते तसंच की.

सूर वेगवेगळे लागावेत म्हणून मी रबर अजून ताणायला निघाले होते तर तुम्ही हात धरलात. रबर ताणलं की ताण वाढतो खरा, पण ते लांबही होतं त्यामुळं सूर म्हणावा तेवढा चढत नाही, फार ताणलं तर तुटतं आणि डोळ्यावर बसतं. त्यापेक्षा जाड रबर खालच्या सुराला आणि बारीक रबर वरच्या सुराला, एवढंच. आणि एक पेन्सिल तिरकी करा, म्हणजे प्रत्येक रबराची वाजणारी लांबी वेगळी होते. पोरीला हे तिरकं करणं एवढं आवडलंय की दर दोन मिनिटाला गिटार "लावायला" बसते, वाजवते कमी. चिरा पडलेलं रबर वापरायचं नाही आणि वर ओढून सोडायचं नाही, अंगठ्यानं हलकं छेडायचं, हे पण आता ती मलाच बजावते.

ड्रमचं आमचं आधीच ठरलेलं, दूध पावडरच्या रिकाम्या डब्यावर फुगा ताणायचा. तुम्ही फुग्याला नको म्हणालात, एक तर चार दिवसात सैल पडतो आणि फाटला की तुकडा पोरं तोंडात घालतात, घशात अडकला की संपलंच. मग पॅकिंगची टेप डब्याच्या तोंडावर ताणून एकदा उभी, एकदा आडवी, मग तिरकी, असे थर दिले, कुठं फट नाही राहू दिली. कडेला फिरवून टेप घट्ट चिकटवायची, नाहीतर पातळ पापडासारखी फडफडते. काठी म्हणून लाटणं नको, पेन्सिलीच्या टोकाला चिंधीचा गोळा बांधलाय, आता खाली राहणारे पण तक्रार करत नाहीत.

खुळखुळ्यात मात्र माझं डोकं चाललं हां. छोट्या बाटलीत पाव भाग तांदूळ, दुसरीत राजमा, कारण गच्च भरलं की दाण्यांना हलायला जागाच नाही. झाकणाला टेप माझ्याच हातानं, दाणे बाहेर यायला नकोत.

आणि बँड. मी ठेका धरत होते आणि पोरगी पुढं पळत होती, मी "हळू हळू" करून दमले. तुम्ही म्हणालात, तू तिच्या मागं जा, एवढ्या पोरांचा स्वतःचा ठेका मोठ्यांपेक्षा जलदच असतो. मग तिच्या वेगात ड्रम, आजीचा तांदळाचा खुळखुळा, बाबांचा राजमा, आणि हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं. थांबायचा खेळ तिला सगळ्यात जास्त जमतो, बाबांना सगळ्यात कमी.

तर काका, मनापासून थँक्यू. रविवारी काकूंना घेऊन या, तुमच्यासाठी राजम्याची बाटली राखून ठेवलीय, आणि येताना जाड रबरं मिळाली तर आणा, इथल्या दुकानात सगळी बारीकच आहेत.