दाढी काढली

ती. आई-बाबांना शि. सा. न.

जोतिबाच्या यात्रेला तुम्ही याल, तेव्हा मला दारात बघून दचकाल, म्हणून आधीच कळवतो. मी दाढी काढली. छातीपर्यंत आलेली, सगळी. मिशी तेवढी ठेवली आहे.

कारण बाबांना लगेच कळेल. शिरोलीला आमच्या फौंड्रीत ग्राइंडरवर असणाऱ्यांना आता रबरी मास्क दिलेत. आधी तपासणी झाली. मास्क लावायचा, डोक्यावर पारदर्शक टोपडं घालायचं आणि आत कडू औषधाचा फवारा मारायचा. चव लागली की समजायचं, हवा कडेनं आत शिरतेय. माझी जीभ पहिल्याच फवाऱ्याला कडू झाली. दाढी असली की रबर केसांवर टेकतं, कातडीला बसत नाही. वाळूची दिसणारी धूळ बरीचशी नाकातच अडकते. न दिसणारी फुप्फुसात खोल जाऊन बसते, आणि तिला एवढी फट पुरते. मिशी मास्कच्या आत मावते, म्हणून चालते. गालावरचे खुंट मात्र चालत नाहीत, कामावर जाताना रोज दाढी करायची.

मंगळवार पेठेतल्या आपल्या नेहमीच्या न्हाव्यानं आधी कात्रीनं लांबी उतरवली, मग मशीन फिरवली, मग गरम टॉवेल ठेवून वस्तरा घेतला. लांब केसांवर थेट वस्तरा लावला तर केस ओढले जातात आणि कातडी कापते, म्हणाला. तुरटीनं हनुवटी चांगलीच झोंबली. गाल कपाळापेक्षा पांढरेफटक निघाले.

तुमच्या सुनेनं दार उघडलं आणि नुसती बघत राहिली. मग हनुवटीवर बोट ठेवून म्हणाली, "अहो, इथं खोक आहे?" लग्नापासून तिनं मला दाढीतच बघितलेलं. आई, सायकलवरून पडलो होतो ती खोक. तू हळद भरली होतीस.

चिऊ मात्र रडायला लागली. हाक मारली की गप्प व्हायची, तोंडाकडे बघितलं की पुन्हा सुरू. शेवटी दिवा बंद करून तिला मांडीवर घेतलं आणि रोजची गोष्ट सांगितली, तेव्हा झोपली. सकाळी उठल्यावर आधी मिशी ओढून बघितली, मग हसली.

दादा फोनवर चिडला. नोकरीपायी दाढी काढलीस, म्हणाला. मी त्याला म्हटलं, बाबांनी आयुष्यभर याच कामावर नाकाला पंचा बांधला, आणि आता दोन जिने चढताना मध्ये बसतात. तो गप्प झाला.

बाबा, त्या पंच्यातून बारीक धूळ अडत नव्हती. तुमचा दम वयाचा आहे असं तुम्ही म्हणता, पण मला तपासून घ्यायचं आहे. यात्रेच्या दोन दिवस आधीच या. सीपीआरला छातीचा एक्स-रे काढू आणि वाळूतल्या कामाचं डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा. आई, जुने रिपोर्ट असतील तर पिशवीत घालून आण.

तुमचा,
बाळू