‘समजा’ची ओळ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पूर्वपरीक्षेच्या बीजगणिताच्या पेपरचे फोटो आणि बाईंना द्यायच्या पत्राचा मसुदा, दोन्ही रात्री जेवणं आटोपल्यावर पाहिलं. पत्र अजून देऊ नकोस. ‘उत्तर बरोबर असूनही माझ्यावर अन्याय झाला आहे’ असं त्यात आहे. ते वाचून बाई आधी स्वतःचा बचाव करतील, गणिताकडे मग वळतील. मी इतकी वर्षं पेपर तपासतेय, म्हणून सांगते.

आता गणित बघू. दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज 340, तर त्या संख्या कोणत्या? बहुतेक मुलं x आणि x + 2 मानतात. मग x² + 2x − 168 = 0 येतं, अवयव पाडले की x = 12 किंवा −14, आणि −14 नैसर्गिक नाही म्हणून सोडायचा. तू मधली विषम संख्या m मानलीस. (m − 1)² + (m + 1)² = 340 लिहिलंस की m चं एकघाती पद उडून जातं, 2m² + 2 = 340 राहतं आणि m² = 169. अवयव पाडायची गरजच नाही. मला ही रीत फार आवडली, खरं सांगते.

मग 3 पैकी 1च गुण का? फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कळलं. ‘समजा, मधली विषम संख्या m’ ही ओळ तू उजवीकडच्या कच्च्या कामाच्या पट्टीत लिहिली आहेस, तीही पेन्सिलीने. मुख्य उत्तर थेट समीकरणापासून सुरू होतं. तिथेच बाईंनी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलंय. गठ्ठा समोर असतो तेव्हा नजर x² + 2x − 168 शोधत असते. ते दिसलं नाही आणि m कुठून आला तेही कळलं नाही, तर पेन थांबतोच. माझाही थांबला असता.

दुसरी गोष्ट मात्र तुझी चूक आहे. m² = 169 वरून तू फक्त m = 13 लिहिलंस. m = −13 सुद्धा येतो. त्यातून −14 आणि −12 मिळतात, आणि त्या नैसर्गिक नाहीत म्हणून सोडाव्या लागतात. ती पायरी तुझ्याकडे नाहीच. म्हणजे पूर्ण 3 गुण मागण्याचा हक्क नाही, उत्तर पुन्हा वाचायची विनंती करता येते. पत्रात ही चूक आपणहून कबूल कर. गुणांचा आकडा तर अजिबात मागू नकोस, तो बाईंनी ठरवायचा.

आणखी एक. तू ‘गुणपडताळणी’ असा शब्द वापरलायस. त्यात फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. तुझी बेरीज मी केली, 31 बरोबर आहे. तुला हवंय ते एका उत्तराचं पुनर्मूल्यांकन. बोर्डाच्या परीक्षेत या दोन्हींसाठी वेगळे अर्ज असतात, शुल्क असतं, आणि पुनर्मूल्यांकनाआधी छायाप्रत मागवावी लागते. शाळेत एक साधं पत्र पुरतं. असं लिही:

‘आदरणीय बाई, सादर प्रणाम. पूर्वपरीक्षा, गणित भाग 1, प्रश्न 3 (ब) मधील दुसऱ्या उपप्रश्नाला मला 3 पैकी 1 गुण मिळाला आहे. मी मधली विषम संख्या m मानून गणित सोडवले, पण ते गृहीतक चुकून कच्च्या कामाच्या जागेत लिहिले गेले. m = −13 ही किंमत विचारात घ्यायची माझ्याकडून राहिली, हे मला मान्य आहे. तरी ही रीत ग्राह्य आहे का, हे पाहण्यासाठी आपण सवडीने हे एक उत्तर पुन्हा तपासावे, ही नम्र विनंती. आपला निर्णय मला मान्य असेल. सोबत उत्तरपत्रिका जोडली आहे.’

खाली नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, तारीख. बस.

उत्तरपत्रिकेवर आता काहीही लिहू नकोस. पेन्सिलीची ती ओळ गडद करायचा मोह होईल, तोही आवर. परत मिळालेल्या पेपरवर नवी रेघ दिसली की खऱ्या ओळीवरचाही विश्वास उडतो. पत्र तासाला सगळ्यांसमोर देऊ नकोस, मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत जाऊन दे. आणि पुन्हा वाचताना बाईंना आणखी एखादी चूक दिसली, तर गुण कमीही होतील. ते चालणार असेल तरच दे.

बाबा विचारतायत, स्वेटर पाठवू का? रविवारी फोन कर, तेव्हा सांग.

तुझी,
आई