मुख्याध्यापक निवडताना पात्रता तपासा, ज्येष्ठता नको

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळांतील मुख्याध्यापक मान्यतेचे प्रस्ताव ‘ज्येष्ठता डावलली’ एवढ्या एका शेऱ्यावर परत येतात. हा शेरा कायद्यात बसत नाही.

समजा, मुख्याध्यापक ३१ मे रोजी निवृत्त झाले आणि संस्थेने ज्येष्ठता यादीतल्या तिसऱ्या शिक्षिकेला नेमले. त्या पदवीधर, बी.एड. आहेत. नियमाला पाच वर्षांचा अध्यापन अनुभव लागतो, त्यातली किमान दोन वर्षे बी.एड.नंतरची, त्यांचा बारा वर्षांचा आहे. तरी प्रस्ताव त्रुटीत निघतो. मग सहीचे अधिकार कोणाला, हे ठरत नाही आणि सगळ्या शाळेचे पगारबिल अडते. शिपायाचासुद्धा पगार थांबतो, हे आम्हांला सर्वांत जास्त खुपते.

खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम, १९७७ चे कलम ३(२) पाहावे. अल्पसंख्याक शाळेचा प्रमुख आणि संस्थेने कळवलेले आणखी जास्तीत जास्त तीन कर्मचारी यांच्या भरतीला हा कायदा लागू नाही. त्यामुळे सर्वांत ज्येष्ठाला नेमण्याचा नियमही इथे लागत नाही. केरळमधल्या एम्जे हायस्कूलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हेच सांगितले: पात्र व्यक्ती निवडण्याचा हक्क अनुच्छेद ३०(१) खाली संस्थेचा आहे, मग ती व्यक्ती बाहेरची का असेना. त्याच निकालाप्रमाणे अल्पसंख्याक दर्जा शाळेला मुळापासून असतो, प्रमाणपत्र त्यावर फक्त शिक्का मारते. म्हणून ‘प्रमाणपत्र नेमणुकीनंतरचे आहे’ हेही नकाराचे कारण होऊ शकत नाही.

संस्थाही चुकतात. नावे संचालक किंवा उपसंचालकांना कळवायची असतात. ती फक्त शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिली जातात, किंवा नेमणुकीचा ठराव होतो आणि कळवल्याची पोच फाइलला नसते. अशी फाइल अडली तर दोष संस्थेचा.

शासनाचा अधिकार आम्ही नाकारत नाही. पात्रता शासनानेच ठरवावी. अपात्र माणूस पुढे केला तर मान्यता खुशाल नाकारावी. सूट फक्त भरतीपुरती आहे. नेमलेल्या मुख्याध्यापकाला मनमानीने काढले तर शाळा न्यायाधिकरणाचा दरवाजा त्यालाही उघडा आहे, आणि तो तसाच राहायला हवा. मागे राहिलेल्या ज्येष्ठ शिक्षकाचे दुःख खरे आहे, पण त्याची नोकरी आणि वेतन यांना धक्का लागत नाही.

तेव्हा एक परिपत्रक काढावे. शिक्षणाधिकाऱ्यांनी अल्पसंख्याक दर्जा, नाव कळवल्याची पोच, आणि पदवी व अनुभवाचे दाखले एवढेच तपासावे. निर्णय तीस दिवसांत लेखी द्यावा. नकार असेल तर या तिन्हींपैकी काय कमी आहे ते नमूद करावे. तोवर संस्थेने सुचवलेल्या व्यक्तीला सहीचे तात्पुरते अधिकार द्यावेत, म्हणजे जूनचा पगार अडणार नाही.

आपले,
अल्पसंख्याक शाळांच्या सेवाविषयक कामात असलेले कार्यकर्ते