काकूंच्या प्रार्थनासभेचा मजकूर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझा मजकूर मिळाला. तो तूच लिहिलास हे बरं झालं. दुसऱ्या कोणी लिहिला असता तर त्यात काकू कुठे दिसल्याच नसत्या. काय ठेवावं, काय हलवावं एवढंच सांग म्हणालास, तर जरा सविस्तरच लिहितो.

सुरुवात तू अशी केली आहेस: ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमच्या परमपूज्य मातोश्री, वात्सल्यसिंधू कै. सौ. सुमन यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.’ भावना खरी आहे, पण वाक्य छापखान्यातून आल्यासारखं वाटतं. शिवाय ‘कै.’ आणि ‘निधन झाले’ एकाच वाक्यात आले की जाणकार वडीलधारे हमखास बोट ठेवतात, कारण नावामागे ‘कै.’ लागलं म्हणजे माणूस आधीच गेलेला. निधनाच्या वाक्यात नुसतं ‘सौ. सुमन’ लिही, सभेच्या वाक्यात लागलंच तर ‘कै.’ येऊ दे. आणि ‘अल्पशा आजाराने’ काढून टाक. काकू किती दिवस अंथरुणावर होत्या हे शेजाऱ्यांनी पाहिलंय. आजाराचा उल्लेख नसला तर कोणी विचारत नाही, चुकीचा असला तर सगळे विचारतात.

आता मुख्य गोष्ट. तू हे तुझ्या ओळखीच्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहेस, पण हा मजकूर तुझ्याकडे राहणार नाही. तुझा मावसभाऊ तो त्याच्या ग्रुपवर टाकेल, तिथून कोणी आणखी पुढे पाठवेल. मग ‘आमच्या मातोश्री’ म्हणजे कोणाच्या? पाठवणारा बदलला की ‘आमच्या’चा अर्थही बदलतो, आणि लोक मावसभावालाच सांत्वनाचे फोन करतात. एका कुटुंबात असं झालेलं मी पाहिलंय. ज्या बाई धडधाकट होत्या त्यांनाच, गेलेल्या बहिणीऐवजी त्यांच्या घरी आलेले सांत्वनाचे फोन उचलून खुलासा करत बसावं लागलं. म्हणून पाठवणाऱ्याचं नाव झाकलं तरी कोण गेलं, कुठे आणि कधी जमायचं, हे कळलं पाहिजे. काकूंचं पूर्ण नाव, कंसात माहेरचं आडनाव, आणि ‘अमुक यांच्या पत्नी’ एवढं आलं की दोन्हीकडच्या नातेवाइकांना ओळख पटते. माहेरचं आडनाव तू गाळलं होतंस. काकूंच्या शाळेतल्या मैत्रिणी त्यांना त्याच नावाने ओळखतात, हे विसरू नकोस.

‘नेहमीच्या हॉलमध्ये’ हेही असंच. ते आपल्याला नेहमीचं. बाहेरून येणाऱ्याला पूर्ण पत्ता हवा, मजला हवा, लिफ्ट आहे का तेही हवं. येणाऱ्यांत निम्मे तरी गुडघेदुखीवाले असतील. वेळ तू फक्त ‘सायंकाळी 5 वाजता’ लिहिली आहेस. प्रार्थनासभेला लोक थोडा वेळ बसून, फुलं वाहून निघतात, असं काहींच्या डोक्यात असतं. काहींना वाटतं की पूर्ण वेळ बसायचं. शेवटची वेळ दिली नाही तर पहिले लोक प्रार्थना चालू असतानाच उठतात आणि दुसरे सव्वासहाला येऊन रिकाम्या खुर्च्या पाहतात. सुरुवात आणि शेवट दोन्ही लिही. वारासोबत तारीखही, आणि कॅलेंडरवर ताडून. वार आणि तारीख जुळत नसले की दिवसभर फोन सुरू राहतात.

‘सहकुटुंब उपस्थित राहून उपकृत करावे’ हे लग्नपत्रिकेतलं आहे, ते तिथेच शोभतं. ‘आग्रहाचे निमंत्रण’ तर नकोच. ‘यावे, ही विनंती’ एवढं पुरे.

खाली नावं कशी घालायची हे तू विचारलं होतंस. आधी बाबा, मग तुम्ही भावंडं वयाच्या क्रमाने, ताईचं नाव तिच्या सासरच्या आडनावासह. सुना, जावई, नातवंडं यांची नावं घालायची असतील तर सगळ्यांची घाल, नाहीतर एकाचंही नको. एक राहिलं तर ते कायम लक्षात राहतं. त्यापेक्षा ‘व समस्त परिवार’ बरं. चौकशीसाठी नंबर बाबांचा देऊ नकोस, तुझाही नको. ‘कुठून वळायचं’ विचारायला त्यांना कोणी फोन करू नये. चुलतभावाला सांग, तो सांभाळेल.

मी असं मांडलं असतं. पूर्ण नाव, आडनावं, पत्ता, नंबर तू घाल:

‘आमच्या आई, सौ. सुमन (माहेरचे आडनाव), श्री. … यांच्या पत्नी, यांचे बुधवार, 4 जून रोजी निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ रविवार, 15 जून रोजी सायंकाळी 5 ते 6:30 या वेळेत प्रार्थनासभा आहे. पहिला पाऊण तास प्रार्थना होईल, त्यानंतर ज्यांना आईंविषयी दोन शब्द बोलायचे असतील त्यांनी बोलावे. स्थळ: … (दुसरा मजला, लिफ्ट आहे). कृपया हार-फुले आणू नयेत. आपण यावे, ही विनंती. चौकशीसाठी: …’ आणि खाली नावं.

तू म्हणशील, ‘आमच्या’ अजून आहेच. आहे, पण आता पतीचं नाव आणि खालची नावं त्याला धरून आहेत. आणि तुझं ‘वात्सल्यसिंधू’ मी काढलं असलं, तरी तुझ्या मजकुरातलं ‘दारी आलेल्याला ती कधी बसू न देता पाठवत नसे’ हे वाक्य जपून ठेव. ते सभेत तू बोल. निमंत्रणात ते गर्दीत हरवेल.

शेजाऱ्यांना मात्र वेगळं पाठव. त्यांना बातमी माहीत आहे, अंत्ययात्रेलाही ते होते. त्यांना पुन्हा ‘निधन झाले’ सांगणं परक्यासारखं होतं. त्यांच्यासाठी एवढंच: ‘आईच्या प्रार्थनासभेसाठी रविवारी, 15 जूनला, सायंकाळी 5 ते 6:30 या वेळेत आपण यावे. या दिवसांत आपण सर्वांनी फार आधार दिलात.’ खाली स्थळ. समोरच्या आजींना मजकूर नकोच, तू जाऊन सांग.

मजकूर साधा टाइप करून पाठव, मेणबत्तीचं चित्र असलेलं कार्ड नको. चित्रातला पत्ता सहज कॉपी होत नाही, नंबरवर बोट ठेवून लगेच फोन लागत नाही, आणि वयस्कांना ती बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. फोटो हवाच असेल तर वेगळा पाठव. पण ज्यांना अजून कळलेलंच नाही, म्हणजे काकूंच्या आतेबहिणीसारखे, त्यांना आधी फोन. प्रार्थनासभेच्या निरोपातून मृत्यू कळणं फार वाईट.

वेळ बदललीच तर नुसतं ‘वेळ बदलली आहे’ असं लिहू नकोस. तू आपला जुना मेसेज पुसशील, पण पुढे गेलेले फिरतच राहतात. पूर्ण मजकूर पुन्हा पाठव आणि वर ‘सुधारित वेळ’ लिही.

पाठवण्याआधी बाबांना एकदा वाचून दाखव. ‘सौ.’ ठेवायचं की नाही, नावांचा क्रम बरोबर आहे का, हे तेच सांगतील, आणि ते म्हणतील तसंच ठेव. हॉलवर मी चारलाच पोचतो; खुर्च्या आणि माइकचं मी बघतो.

तुझा,
श्रीकांत